मॅनहोलमधील विषारी वायू : गॅस डिटेक्टर १० वरच का वाजतो?

ड्रेनेजचे झाकण उघडल्यावर सडक्या अंड्यांसारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. गाळ हवेशिवाय कुजला की हा वायू तयार होतो. हवेपेक्षा थोडा जड असल्याने तो तळाशी साठतो आणि बराचसा गाळातच अडकून राहतो.

वास कमी झाला म्हणजे वायू गेला, असे समजून आत उतरणे जिवावर बेतते. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे साधारण १०० भाग, म्हणजे १०० पीपीएम, झाले की काही मिनिटांतच नाक बधिर होते. वायू तिथेच असतो, फक्त कळेनासा होतो. ५०० ते ७०० पीपीएममध्ये माणूस काही मिनिटांत कोसळू शकतो. १००० च्या आसपास तर ओरडायलाही वेळ मिळत नाही.

म्हणून डिटेक्टरचा पहिला इशारा सहसा १० पीपीएमवर आणि दुसरा १५ वर लावलेला असतो. हेच यंत्र ऑक्सिजनही मोजते. मोकळ्या हवेत तो २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की यंत्र वाजते.

समजा, चेंबर चार मीटर खोल आहे. नळी सोडून मोजल्यावर तोंडाशी ०, मध्यावर ४ आणि तळाशी ८ पीपीएम आले. यंत्र वाजले नाही. कामगार उतरला, फावडे गाळात गेले आणि अडकलेला वायू सुटला. मिनिटभरात आकडा २०० वर जाऊ शकतो. त्या वेळी यंत्र वर काठावर ठेवलेले असेल, तर ते अजूनही ० दाखवेल. ते कामगाराच्या छातीवर, नाकाजवळ हवे. १० वर वाजले तर शुद्ध आणि अंगातली ताकद शाबूत असतानाच वर येता येते. ‘सारखे वाजते’ म्हणून ही मर्यादा ५० केली, तर नेमका हाच वेळ हातचा जातो. (सुरक्षा साधनांशिवाय कुणाला गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.)

आतला माणूस कोसळला तर त्याच्या मागे उतरू नका. तोंडाला बांधलेला रुमाल हा वायू अडवत नाही. कमरेला दोर असेल तर वरूनच ओढा आणि ११२ वर फोन करून अग्निशमन दलाला बोलवा.

रुग्ण शुद्धीवर आला तरी त्याला घरी नेऊ नका. हा वायू पेशींना ऑक्सिजन वापरू देत नाही, त्यामुळे बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा चांगला दिसूनही विषबाधा असू शकते. फुप्फुसांत पाणी काही तासांनीही भरते. दम लागणे, खोकला किंवा गोंधळल्यासारखे वागणे दिसले तर लगेच डॉक्टरांना सांगा. शक्य असेल तर डिटेक्टरही सोबत न्या. बहुतेक यंत्रांत नोंदलेला सर्वांत मोठा आकडा साठवलेला असतो. कोणत्या वायूची बाधा झाली, याचा अंदाज आम्हाला त्यावरून बांधता येतो.