उतरंड बर्लिनला पोचली, मुंबईला ती का दिसली नाही?

जून २०२२ मध्ये जर्मनीत आठवडाभराच्या अंतराने दोन मोठी प्रदर्शने उघडली. ११ जूनला बर्लिन बिएनाले, १८ जूनला कासेल शहरातले डॉक्युमेंटा. बर्लिनमध्ये प्रभाकर कांबळे यांची ‘उतरंड’ होती. मूळच्या गोव्याच्या मयूरी चारी यांचे शेणातून घडवलेले, बाईच्या शरीराबद्दल बोलणारे काम होते आणि वीटभट्टीवरच्या मजुरांच्या झिजलेल्या लाकडी खडावा मांडणारे बिरेंदर यादवही होते. कासेलमध्ये मुंबईच्या अमोल पाटील यांनी चाळीत राहणाऱ्या सफाई कामगारांचे जग उभे केले होते. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी ‘भारतीय कलेचा सन्मान’ वगैरे मथळे देण्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा होता. ही माणसे मुंबई-कोल्हापूरच्याच रस्त्यांवरून चालत होती, मग त्यांना पाहायला बर्लिनचा चष्मा का लागला?

आधी ‘उतरंड’ म्हणजे काय ते पाहू. आपल्या आज्यांच्या घरात मडक्यांची उतरंड असायची. सर्वात मोठे मडके तळाला, त्यावर लहान, त्याहून लहान, शेवटी टोकाला बोळके. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० च्या ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात हिंदू समाजाला जिना नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली होती. जो ज्या मजल्यावर जन्मला, तो तिथेच मरणार. कांबळे यांची उपमा त्या मनोऱ्याच्या नात्यातली आहे, पण ती आणखी एक गोष्ट सांगते. मनोऱ्यात मजले दिसतात, उतरंडीत भार दिसतो. वरच्या प्रत्येक मडक्याचे वजन खालचे मडके पेलते. आणि तळाच्या मडक्यात काय आहे ते पाहायचे असेल, तर वरची सगळी मडकी उतरवावी लागतात. हे समजायला कलेची पदवी लागत नाही. तरीही मुंबईच्या कलादालनांना ते इतकी वर्षे ‘कला’ वाटले नाही.

याचे कारण निवड करणाऱ्यात आहे. १८९५ साली व्हेनिसमध्ये पहिली बिएनाले भरली, तेव्हा ते दर दोन वर्षांनी भरणारे, राष्ट्रांच्या प्रतिष्ठेचे आणि उघड विक्रीचेही प्रदर्शन होते. तिथे चित्रे विकणारे कार्यालय होते, ते १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर बंद झाले. दोनच वर्षांनी, १९७० मध्ये, स्वित्झर्लंडमध्ये आर्ट बाझेल हा निव्वळ विक्रीचा कलामेळा सुरू झाला. म्हणजे बाजार गेला नाही, त्याने शेजारी वेगळे दुकान थाटले. बिएनालेने प्रतिष्ठा द्यायची आणि मेळ्याने तिचे पैसे करायचे, अशी वाटणी झाली.

त्याच सुमारास निवडीची सूत्रेही हलली. १९७२ च्या डॉक्युमेंटात हाराल्ड झेमान या एका माणसाने विषय ठरवला आणि त्या विषयाला धरून कलावंत निवडले. तेव्हापासून क्युरेटर नावाचा नवा सत्ताधीश तयार झाला. तो कुठून येतो, कोणती भाषा बोलतो, कोणाच्या घरी जेवतो, यावर कोण दिसणार हे ठरू लागले. तीस वर्षे डॉक्युमेंटाचे प्रमुख युरोपीयच होते. २००२ मध्ये नायजेरियात जन्मलेले ओक्वी एन्वेझोर त्या जागी आले आणि आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेतल्या कलावंतांसाठी दार बरेच उघडले. २०२२ ला बर्लिनची निवड अल्जेरियन वंशाच्या कादेर अतिया यांच्याकडे होती, कासेलची जाकार्ताच्या रुआंग्रुपा या गटाकडे. आपली माणसे दिसली ती अशा निवडकर्त्यांमुळे. वसाहतीचे चटके ज्यांच्या घराने सोसले, त्यांना जातीचे चटके लवकर कळतात. आमच्या मते या दोन घटनांचा संबंध योगायोगाचा नाही.

आता घरची स्थिती. नागपूरचे सवी सावरकर १९८० च्या दशकापासून छापचित्रे करत आहेत. पेशवाईत गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून फिरणारा अस्पृश्य त्यांनी कोरला, देवदासी कोरल्या. बडोद्याला शिकले, दिल्लीच्या कला महाविद्यालयात शिकवले. म्हणजे ‘प्रशिक्षण नाही’ ही सबब त्यांना लागू नव्हती. तरी दलित दृश्यकलेवर ऑक्सफर्डचा जो ग्रंथ २०१२ मध्ये आला, त्याचे संपादन गॅरी टार्टाकोव्ह या अमेरिकी अभ्यासकाने केले. भारताने व्हेनिसमध्ये आपले पहिले अधिकृत दालन मांडले ते २०११ साली. पहिल्या बिएनालेनंतर एकशे सोळा वर्षांनी! त्या दालनातही सावरकर नव्हते. गळ्यातले मडके चाळीस वर्षांपूर्वी कोरून झाले होते, पाहणारा डोळा तेवढा नव्हता.

दिल्लीचा कलामेळा २००८ मध्ये सुरू झाला, आज तो इंडिया आर्ट फेअर म्हणून ओळखला जातो. तिथे मुख्य जागा कलावंताला मिळत नाही, गॅलरीला मिळते. गॅलरी जागेचे भाडे भरते, वाहतूक आणि विमा करते, आणि ते पैसे वसूल होतील असेच काम भिंतीवर लावते. विकले तर साधारण निम्मी रक्कम तिची. ज्याच्यामागे गॅलरी नाही तो मुख्य दालनात जवळजवळ नसतोच. आणि नव्या कलावंताला गॅलरी मिळते ती बहुधा इंग्रजीत लिहिलेल्या परिचयावर, परदेशातल्या निवासी शिबिरांवर, कोणाच्या तरी ओळखीवर. बिएनालेत एकदा नाव लागले की हा क्रम उलटतो. काल फोन न उचलणारी गॅलरी स्वतः फोन करते. काम तेच, मडकी तीच, परिचयात एक ओळ वाढलेली.

(६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसे चित्रे, पुतळे, कॅलेंडरे पाहतात, निवडतात, घरी नेऊन भिंतीवर लावतात. हाही एक मेळाच आहे, आणि इथे अभिरुची ठरवणारा प्रेक्षक स्वतःच्या खिशातून पैसे देतो. पण कलेच्या इतिहासात त्याची नोंद शोधावी लागते.)

तरी बर्लिनला डोक्यावर घेण्याची गरज नाही. त्याच बिएनालेत, हॅम्बुर्गर बानहोफ संग्रहालयात, फ्रेंच कलावंत जाँ-जाक लेबेल यांनी अबू गरीब तुरुंगातल्या छळाची छायाचित्रे मोठी करून चक्रव्यूहासारखी मांडली होती. नग्न, अपमानित इराकी कैदी. त्यांची संमती कोणी घेतली नव्हती. आणि इराकी कलावंतांची कामे त्याच इमारतीत, त्यांना आधी न सांगता, या छायाचित्रांजवळ लावली गेली. रिजिन सहाकियान या इराकी-अमेरिकी लेखिकेने जाहीर पत्र लिहिले, आणि सज्जाद अब्बास, लैथ करीम, राएद मुतार या तिघांनी आपली कामे काढून घेतली. वसाहतवादाविरुद्ध म्हणून भरवलेल्या प्रदर्शनात हे घडले.

आम्हाला हा प्रसंग ‘उतरंडी’इतकाच महत्त्वाचा वाटतो. खैरलांजीची छायाचित्रे आपण पाहिली आहेत. उद्या एखादा सहृदय क्युरेटर ती आठ फूट उंच करून लावील, शेजारी आपल्यातल्याच एखाद्याचे काम टांगील, आणि त्याला ‘दृश्यमानता’ म्हणेल. म्हणून निमंत्रणाचे पत्र आले की आपल्या कलावंतांनी मानधन आणि विमानाच्या तिकिटासोबत आणखी काही गोष्टी लेखी मागाव्यात. माझे काम कोणत्या खोलीत, कोणाच्या शेजारी असेल? भिंतीवरचा मजकूर कोण लिहिणार आणि छापण्याआधी मला दाखवणार का? प्रदर्शन संपल्यावर काम कुठे राहील, आणि ते परत आणण्याचा खर्च कोणाचा? आणि मांडणी न सांगता बदलली, तर काम उतरवण्याचा अधिकार माझा असेल का? त्या तीन इराकींनी तो अधिकार वापरला तेव्हा प्रदर्शन सुरू होऊन दोन महिने झाले होते.