फाळक्यावरची भाषा

शहापूर सोडून नाशिकच्या दिशेने निघालं की आटगाव, खर्डी आणि मग कसारा. घाट सुरू झाला की मालाने भरलेले ट्रक इतके हळू होतात की बाईकवर मागे अडकलेल्या माणसाचा समोरचा फाळका दोनदा वाचून होतो. (फाळका म्हणजे ट्रकच्या मागची, माल उतरवताना खाली पाडायची फळी.) मी डिप्लोमाला असल्यापासून हे वाचतोय. आधी टाइमपास म्हणून वाचायचो. मग एके दिवशी लक्षात आलं की कोणत्या गाडीवर कोणत्या भाषेत काय लिहिलेलं असेल, हे गाडी जवळ यायच्या आधीच मला बऱ्याचदा सांगता येतं.

सुरुवात सगळ्यांच्या ओळखीच्या तीन शब्दांपासून करू : 'हॉर्न ओके प्लीज'. हा विनोद नाही, ही सूचना आहे. रस्ता येण्याजाण्याला मिळून एकच, ट्रकवर ताडपत्रीपर्यंत माल, केबिनमध्ये इंजिनाचा आवाज, आरसा असलाच तर थरथरणारा. मागे कोण आहे हे ड्रायव्हरला दिसत नाही, त्यामुळे मागच्याने हॉर्न देऊनच विचारायचं. मग पुढचा रस्ता मोकळा असेल तर ड्रायव्हर हात बाहेर काढून 'ये' म्हणतो. मधल्या 'ओके'बद्दल मात्र खूप गोष्टी सांगतात. कुणी म्हणतं, ती टाटांच्या एका साबणाची जाहिरात होती. कुणी म्हणतं, दुसऱ्या महायुद्धात ट्रक रॉकेलवर चालायचे, त्याची ती खूण. मला दोन्ही गोष्टी नंतर जुळवलेल्या वाटतात. 'हॉर्न प्लीज'च्या मध्ये जागा उरली आणि पेंटरने ती भरली, एवढं साधं उत्तरही पुरेसं आहे.

२०१५ साली, एप्रिलच्या शेवटी, महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी व्यावसायिक वाहनांवर हे शब्द लिहायला बंदी घातली. कारण असं की त्यामुळे लोक उगाच हॉर्न वाजवतात. पण आमच्याकडचा रस्ता मुंबई-आग्रा. त्यावर मध्य प्रदेश, राजस्थान, हरियाणाचे ट्रक रोज येतात, आणि त्यांच्या फाळक्यांवर ते शब्द अजून दिसतात. इथल्या परिपत्रकाने इंदूरचा पेंटर ब्रश खाली ठेवत नाही.

माझा मुद्दा इथेच सुरू होतो. फाळक्यावरची भाषा परमिटवरून ठरते.

नॅशनल परमिटचा ट्रक बघा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी त्याचा रंगसुद्धा सांगितला होता : वाळक्या पानाचा तपकिरी आणि त्याला पांढरी किनार. म्हणजे निम्मी पाटी सरकारने आधीच रंगवलेली. त्यात परमिटची अक्षरं, नंबर, वेगमर्यादा आणि ज्याचं कर्ज आहे त्या बँकेचं नाव. उरलेल्या जागेत ड्रायव्हर-मालकाचं काय ते. आणि ते पाच राज्यांतल्या अनोळखी माणसाला कळलं पाहिजे, म्हणून हिंदी. 'बुरी नजरवाले तेरा मुँह काला' हे त्यातलं सगळ्यात जुनं वाटणारं. आपल्याकडे नवी म्हैस आणली तरी दृष्ट काढतात, मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकतात. लाखोंची गाडी रोज हजारो अनोळखी डोळ्यांसमोरून जाते, तिची दृष्ट कोण आणि कितीदा काढणार? मग मजकूर कायमचा लिहून टाकायचा आणि खाली जुनी काळी चप्पल लटकवायची. शेजारी लिंबू-मिरची असली तर तेवढीच जास्त खात्री.

आता शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला या. मुरबाडला रेल्वे नाही. एसटी, टेम्पो, जीप आणि रिक्षा, एवढंच. रिक्षाचं परमिट ठराविक हद्दीचं. तिच्या मागे रोज तीच माणसं, म्हणून मराठी : गावदेवी, कुलदैवत, मुलांची नावं, 'आईचा आशिर्वाद'. आणि ओळखीच्याच माणसाला चिडवता येतं, म्हणून मराठीतले खरे विनोद इथे भेटतात. 'बघतोस काय रागानं, ओव्हरटेक केलंय वाघानं' हे वाक्य तुम्ही ओव्हरटेक झाल्यावरच वाचू शकता. तुमच्या तोंडावर राग येतो त्याच क्षणी त्याचं उत्तर समोर लिहिलेलं असतं. सरळगावला मी हे एका रिक्षावर वाचलं. रिक्षात सात माणसं आणि भाताची दोन पोती होती, आणि सायकलवाला तिला मागे टाकून गेला.

एसटीची भाषा या दोन्हींपेक्षा वेगळी. 'मनाचा ब्रेक, उत्तम ब्रेक' हे बाहेर नाही, ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर लिहिलेलं. वाचणारा एकच, आणि तोच चालवणारा. घाटात बांधकाम खात्याचं 'अति घाई, संकटात नेई' यमकातच असतं. यमक सरकारलाही आवडतं, फक्त त्यात वाघ नसतो.

माझा नियम शंभर टक्के चालत नाही. मुंबई-नाशिक करणारे इथले काही टेम्पो दोन्ही भाषा लिहितात, वर हिंदी धमकी आणि खाली मराठी आई. माझ्या मामाचा टेम्पो तसाच होता. जुना चारशे सात. मुरबाडकडची भाजी कल्याणच्या मार्केटला न्यायचा. पाटी रंगवली तेव्हा मी सोबत होतो. पेंटरने आधी फाळका घासून पिवळ्या ऑइलपेंटचा हात दिला आणि रात्रभर वाळू दिला. सकाळी खडूची भुकटी लावलेली सुतळी दोन्ही टोकांना ताणून मधे टिचकी मारली. उमटलेली सरळ रेघ म्हणजेच शिरोरेषा, अक्षरं तिला लटकवायची. मग मधलं अक्षर आधी, बाजूची नंतर, म्हणजे ओळ एका कडेला सरकत नाही. हाताने रंगवलेली पाटी ओळखायची खूण हीच : ज्याने मधून मोजलं नाही, त्याचं शेवटचं अक्षर चेपलेलं असतं. लाल अक्षरं झाल्यावर एकाच बाजूने काळी शेड. 'आशीर्वाद'मधली शी दीर्घ असते हे मी सांगितलं. पेंटर म्हणाला, "सगळे असंच लिहितात. दीर्घ लिहिलं तर लोक मला चुकलास म्हणतील." मामाने त्याचीच बाजू घेतली. खाली मामेबहिणीचं नाव.

आता बरेच जण रेडियम लावतात. दुकानातलं मशीन अक्षरं कापतं, शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो आणि चिकटतो. फोनवरून पाठवलेला मजकूर दुकानातल्या जुन्या फॉन्टमध्ये टाकला की जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर बसतो. कामामुळे मला त्याचं कारण माहीत आहे, पण दुकानदाराला ते सांगून उपयोग नसतो, मागे तीन रिक्षा उभ्या असतात. रेडियम पावसाळ्यानंतर कोपऱ्यातून सुटायला लागतं. सुटलं की खाली काही उरत नाही.

ऑइलपेंटचं तसं नाही. मामाचे काही हप्ते थकले आणि एका पहाटे फायनान्सवाले टेम्पो घेऊन गेले. मामाने त्यावर कधी काही सांगितलं नाही. दोनेक वर्षांनी सरळगावच्या नाक्यावर मला तो नंबर दिसला. फाळका आता निळा होता, वर नव्या मालकाच्या दोन मुलांची नावं. पण ऊन तिरपं होतं, आणि निळ्याखाली जुन्या अक्षरांच्या कडा उठून दिसत होत्या. आधी कळलं ते 'आशिर्वाद', मग हळूहळू खालचं नाव.

मी फोटो काढून मामेबहिणीला पाठवला. तिचा रिप्लाय आला, "मामाला दाखवू नको. आणि कोपऱ्यातला डेंट अजून तसाच आहे की."