गणिताच्या ८० गुणांचा हिशेब : जुन्या प्रश्नपत्रिकांवरून उत्तीर्णतेची आखणी

बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरातील मराठी माध्यमाचे विद्यार्थी दहावीची परीक्षा कर्नाटक मंडळाची देतात. पुस्तकांच्या खरेदीसाठी मात्र निपाणीचे पालक अनेकदा कोल्हापूरची बाजारपेठ गाठतात आणि तेथील प्रश्नपत्रिका-संच घरी आणतात. गणितात नेमका येथेच घोटाळा होतो. महाराष्ट्रात गणिताच्या दोन भागांच्या प्रत्येकी ४० गुणांच्या स्वतंत्र प्रश्नपत्रिका असतात, तर कर्नाटकात ८० गुणांची एकच असते. उदाहरणे सोडवण्याच्या सरावाला तो संच चालेल. विभागवार लक्ष्य ठरवण्यास तो निरुपयोगी आहे.

कर्नाटकच्या प्रश्नपत्रिकेत एकूण ३८ प्रश्न असतात. एक गुणाचे आठ बहुपर्यायी, एक गुणाचेच आठ अतिलघुत्तरी, दोन गुणांचे आठ, तीन गुणांचे नऊ, चार गुणांचे चार आणि पाच गुणांचा एक. म्हणजे एक व दोन गुणांच्या प्रश्नांतच ३२ गुण आहेत. गणिताची धास्ती घेतलेला विद्यार्थी सहसा मोठ्या प्रश्नांकडे पाहून खचतो आणि हे ३२ गुण त्याच्या नजरेतून निसटतात.

२०२५-२६ पासून उत्तीर्णतेसाठी ६२५ पैकी किमान २०६ गुण, आणि प्रत्येक विषयात लेखी व अंतर्गत मिळून किमान ३० टक्के, असा नियम आला. त्यापूर्वी ८० गुणांच्या लेखी परीक्षेत २८ गुण लागत. आखणी करताना हीच जुनी २८ ची रेषा तळ म्हणून धरावी. लेखीत २८ मिळाले की अंतर्गत गुण अगदी कमी असले तरी विषय सुटतो. शिवाय एकूण बेरजेचा भार अन्य विषयांवर पडत नाही.

प्रथम मंडळाच्या तीन जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, पुस्तक मिटून सोडवाव्यात. २०२१ ची घेऊ नये. महासाथीमुळे त्या वर्षीची परीक्षा केवळ बहुपर्यायी होती. आजच्या पाठ्यपुस्तकात नसलेल्या घटकांवरचे प्रश्न गाळावेत. तपासणी दुसऱ्याने, मंडळाच्या उत्तरसूचीप्रमाणे करावी. स्वतः तपासताना ‘हे येत होतेच’ म्हणून अर्धा-एक गुण सोडून देण्याचा मोह होतो आणि सगळा हिशेब फसवा ठरतो.

समजा, एका विद्यार्थ्याची तीन प्रश्नपत्रिकांची सरासरी १९ आली. बहुपर्यायीत ४, अतिलघुत्तरीत ३, दोन गुणांच्या प्रश्नांत ५, तीन गुणांच्यात ५, चार गुणांच्यात २ आणि शेवटच्या प्रश्नात शून्य. त्याचे नवे लक्ष्य अनुक्रमे ५, ६, १०, ९, ४ आणि शून्य असे ठेवता येईल. बेरीज ३४. सहा गुणांची ही शिल्लक मुद्दाम राखलेली आहे. आलेखाचा चार गुणांचा प्रश्न पूर्ण बिघडला तरी ३० उरतात. पाच गुणांच्या प्रश्नाचे शून्य म्हणजे पराभव नव्हे, तो वेळ अन्यत्र वळवण्याचा निर्णय आहे.

सर्वांत मोठी वाढ दोन गुणांच्या विभागात मागितली आहे, कारण तिथे प्रश्नांचे प्रकार ओळखीचे असतात. अंकगणिती श्रेढीतील पदांची बेरीज, दोन चलांतील समीकरणे, सूत्राने वर्गसमीकरण, दोन बिंदूंतील अंतर, संभाव्यता. आठपैकी पाच प्रश्न पूर्ण सुटले की १० गुण झाले. तीन गुणांसाठी सांख्यिकीतील मध्य किंवा मध्यक आणि वृत्ताबाहेरील बिंदूतून काढलेल्या स्पर्शिकांचे प्रमेय आधी हाती घ्यावे. आलेखाच्या प्रश्नात कोष्टक, रेषा आणि उत्तर यांना वेगवेगळे गुण असल्याने छेदनबिंदू चुकला तरी सारे जात नाही.

बहुपर्यायीतील गुण कधी गणिताअभावी जातच नाहीत. पर्यायाच्या अक्षरासह पूर्ण उत्तर लिहावे, अशी सूचना तेथे छापलेली असते. घाईतला विद्यार्थी नुसते अक्षर लिहून मोकळा होतो. चुकीला गुण कापले जात नसल्याने एकही बहुपर्यायी प्रश्न कोरा ठेवू नये.

प्रत्येक गेलेल्या गुणापुढे ‘माहीत नव्हते’ की ‘माहीत असून चुकले’ अशी नोंद करावी. पहिल्या प्रकाराला प्रकरण पुन्हा शिकावे लागते. दुसऱ्याला रोज चार-पाच उदाहरणांचा लेखी सराव पुरतो. दोन्हींवर सारखाच वेळ घालवला की महिनाभरानेही आकडा हलत नाही.

एक-दोन प्रश्नपत्रिका शेवटपर्यंत न पाहता राखून ठेवाव्यात. आधी सोडवलेलीच पुन्हा सोडवून ३४ आले, तर ती स्मरणशक्तीची परीक्षा झाली. न पाहिलेल्या प्रश्नपत्रिकेत २८ च्या खाली घसरण झाली, तर नवे प्रकरण उघडण्याऐवजी दोन गुणांच्या विभागाकडेच परतावे. २०२४ पासून वर्षात एकाहून अधिक परीक्षा देण्याची सोय झाली आहे. पहिलीत विषय राहिला, तर त्याच विभागवार तक्त्यावर पुढच्या परीक्षेची आखणी सुरू करता येते.