हाताची परीक्षा, कागदाची परीक्षा

मुंबईच्या कापडगिरण्यांत विणखात्याला पगार जास्त होता. पण कांडी बदलताना धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्याचा विटाळ नको म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात प्रवेश नव्हता. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. त्या कामगाराच्या हाताला काम येते की नाही, हे कुणी तपासलेच नव्हते. त्याची परीक्षा जन्मातच होऊन गेली होती.

1942 साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षीच्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य तरुणांना तांत्रिक शिक्षण मिळावे, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून घ्यावे, अशी मागणी केली. दौंडसारख्या रेल्वेच्या गावात या मागणीचे मोल समजावून सांगावे लागत नाही. पुढे 1950 मध्ये आयटीआयची योजना आली, 1961 मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. आता कागद हाताची साक्ष देऊ लागला.

पण ही साक्ष देशाबाहेर कितपत चालते? माझा मामेभाऊ शिरूरचा. आयटीआय करून रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत त्याने नऊ वर्षे वायरमनचे काम केले. मग ऑस्ट्रेलियासाठी अर्ज केला. तिथे आधी कागद तपासतात: प्रमाणपत्र, प्रत्येक मालकाचे कामाच्या तपशिलाचे पत्र आणि पगाराचा पुरावा. त्यानंतर तोंडी परीक्षा आणि प्रात्यक्षिक. भाऊ प्रात्यक्षिकालाच घाबरत होता. वीज बंद केल्यावरही आधी मापक चालू तारेवर तपासायचा, मग बंद तारेवर लावायचा, पुन्हा चालू तारेवर तपासायचा. तेव्हाच तारेला हात लावायचा. ही शिस्त त्याने महिनाभरात अंगी बाणवली.

अडला तो कागदावर. नऊ वर्षांत चार ठेकेदार झाले. दोघांनी पगार रोख दिला, पत्र दिले नाही. ती वर्षे त्याच्या हातात होती, कागदावर नव्हती. उरलेल्या दोघांकडे भविष्यनिर्वाह निधी कापला जात होता. त्या पासबुकात आस्थापनेचे नाव आणि महिने सापडले. तेवढ्याच वर्षांच्या आधारावर त्याला अर्ज पुढे न्यावा लागला.

आणि पास झाला तरी परवाना लगेच मिळत नाही. तिथल्या वायरिंगचे नियम वेगळे. मुख्य पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग जोडलेले असतात. आपल्याकडे घरोघरी तसे नसते. म्हणून तिथे किमान वर्षभर परवानाधारकाच्या देखरेखीखाली काम करून, राहिलेले शिक्षण पुरे करावे लागते, मगच पूर्ण परवाना. ही अट न्याय्य आहे, कारण ती हाताला लागू आहे.

अन्याय अलीकडे, ठेकेदाराच्या दारात आहे. गिरणीत जात आडवी आली. इथे ठेकेदारीची बिननोंद नोकरी आडवी येते. तिच्यात कोण जास्त भरले आहेत, हे वर्गात शिकवताना मला शोधावे लागत नाही. म्हणून प्रत्येक पोराला मी सांगतो, ठेकेदार सोडण्याआधी हुद्दा, तारखा आणि केलेली कामे लिहिलेले पत्र हातात घे. नंतर तो सापडत नाही.