तळटीप १४. प्रसाद, संबंधी पाषाण

१४. मुक्कामाचे पिंगळी हे परभणीजवळचे गाव. तिथे पिंगळेश्वराचे मंदिर आणि जुनी दगडी बारव आहे. यात्रिकाच्या झोळीतले ‘प्रसाद’ आणि ‘पाषाण’ मात्र खाण्याचे किंवा मूर्तीचे नव्हेत. महानुभाव पंथात चक्रधरस्वामी किंवा गोविंदप्रभू यांनी वापरलेली वस्तू, उदा. वस्त्राचा तुकडा, म्हणजे प्रसाद. ते जिथे बसले, जेवले किंवा निजले ती जागा म्हणजे स्थान. तिथे ओटा बांधून नमस्कार करतात. अशा जागेचा स्पर्श झालेला दगड म्हणजे संबंधी पाषाण. त्याचा लहानसा तुकडा कापडात गुंडाळून जवळ बाळगला की स्थानापासून दूर असतानाही त्याला नमस्कार करता येतो.

भिक्षूने एका गावी रमू नये, भिक्षेवर राहावे, झाडाखाली निजावे, असा पंथाचा आचार आहे. त्यामुळे सोबत नेता येईल अशा वंदनीय वस्तूला मोठे मोल आले. गावोगावची स्थाने शोधायला चौदाव्या शतकातली ‘स्थानपोथी’ उपयोगी पडे. दार कोणत्या दिशेला, ओटा कुठे, इतका तपशील तीत आहे.

मध्ययुगीन युरोपात संतांच्या अस्थी विकल्या जात. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने ती विक्री निषिद्ध ठरवली. महानुभाव प्रसाद अस्थींचा नसतो, तो सहवासाच्या खुणेचा असतो. प्रस्तुत उताऱ्यातील ‘प्रसाद दिला’ हे शब्द त्याच अर्थाने वाचावेत.