पटकीच्या अंथरुणाची धुलाई

रोग्याच्या अंगावरचे आणि अंथरुणावरचे कपडे घरातल्या इतर कपड्यांत न मिसळता प्रथम जंतुनाशक द्रावणात बुडवावेत, नंतर उकळावेत आणि सर्वांत शेवटी साबण लावून चोळावेत, असा जो क्रम शुश्रूषेची पुस्तके आज सांगतात, तो केवळ स्वच्छतेच्या आवडीतून निर्माण झालेला नाही. पटकीच्या रोग्याची धुणी धुणारी माणसे स्वतःच रोगाला बळी पडतात, हा एकोणिसाव्या शतकात पुनःपुन्हा आलेला अनुभव त्याच्या मुळाशी आहे. आणि गंमत अशी की, हा क्रम ज्याने स्पष्ट शब्दांत मांडला, त्याचा त्यातील एक तर्क पुढे चुकीचा ठरला, तरी क्रम मात्र कायम राहिला.

1832 च्या डिसेंबरअखेर इंग्लंडात यॉर्कजवळच्या मूर मंकटन या खेड्यातील जॉन बार्न्स नावाचा शेतमजूर एकाएकी पटकीने आजारी पडला. आसपासच्या मुलखात त्या वेळी रोगाची वार्ता नव्हती, त्यामुळे तो आला कोठून, याविषयी डॉक्टर मंडळी बुचकळ्यात पडली असतानाच लीड्स शहरात चांभारकाम शिकणारा बार्न्सचा मुलगा घरी येऊन पोहोचला आणि त्याच्या सांगण्यावरून उलगडा झाला. त्याची आत्या पंधरवड्यापूर्वी लीड्समध्ये पटकीने वारली होती. तिला मूलबाळ नसल्यामुळे तिची वस्त्रे पेटीत भरून मालवाहू गाडीने भावाकडे पाठविण्यात आली होती, आणि ती न धुताच पाठविण्यात आली होती. बार्न्सने संध्याकाळी पेटी उघडली व दुसऱ्या दिवशी तो अंथरुणाला खिळला. पुढे त्याच्या पत्नीलाही लागण झाली, तेव्हा पाच मैलांवरील टॉकविथ गावाहून तिची आई शुश्रूषेसाठी आली; दोन दिवस राहून, लेकीचे कपडे धुऊन ती वरकरणी धडधाकट अशी परत निघाली आणि वाटेतच कोसळली. तिला घरी नेऊन अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याशेजारी निजविण्यात आले, आणि दोन दिवसांच्या आत ती, तिचा नवरा व घरात राहणारी दुसरी मुलगी अशी तिघेही दगावली.

हा वृत्तान्त लंडनच्या डॉक्टर जॉन स्नोने 1855 साली पटकीवरील आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत दाखल करून घेतला. रोग दूषित हवेतून पसरतो, असे त्या काळचे बहुतेक वैद्यक मानीत असताना, पटकीचे विष रोग्याच्या मळातून निघून दुसऱ्याच्या तोंडावाटे पोटात जाते, हा स्नोचा सिद्धान्त होता. आणि धुणे धुणाऱ्या स्त्रीचा हात पाण्यातून निघून भाकरीकडे जातो, एवढ्या साध्या गोष्टीने टॉकविथच्या त्या म्हातारीच्या मृत्यूचा हिशेब जुळत होता. म्हणून त्याने नियम घालून दिला की, मळलेली चादर अंथरुणातून निघताच पाण्यात बुडवावी आणि उकळत्या पाण्याने भाजून काढीपर्यंत ती तशीच राहू द्यावी. जे अंथरूण धुता येत नाही त्याला उकळत्या पाण्याइतकी किंवा त्याहून अधिक उष्णता काही काळ द्यावी. चादर वाळली तर मळ सूक्ष्म धुळीच्या रूपाने उडेल, ही बुडविण्यामागची त्याची भीती होती.

बार्न्स कुटुंबाला गाठणाऱ्या त्याच साथीत, 1832 मध्येच, लिव्हरपूलची किटी विल्किन्सन ही गरीब स्त्री मात्र कोणत्याही सिद्धान्ताची वाट न पाहता कामाला लागली होती. गल्लीत पाणी तापविण्याचा मोठा हंडा थोड्यांच्या घरी असे, तो तिच्या घरी होता. तिने शेजाऱ्यांना आपल्या घरी येऊन अंथरुणे-पांघरुणे धुण्याची मुभा दिली आणि त्यासाठी क्लोराईड ऑफ लाईम, म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर, वापरली. तिच्या उदाहरणातून 1842 साली त्या शहरात सार्वजनिक धुण्याचे घर उघडले, आणि 1846 च्या कायद्याने अशा घरांची तजवीज इंग्लंडभर नगरपालिकांना करता येऊ लागली.

स्नोचा तर्क कोठे चुकला, हे कळण्यासाठी कलकत्त्याला यावे लागते. 1884 च्या आरंभी रॉबर्ट कॉख तेथे पटकीच्या जंतूचा शोध घेत असताना साहेब बगान या वस्तीत रोग्यांची संख्या एकाएकी वाढली. वस्तीच्या तळ्याच्या पाण्यात त्याला तोच स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू सापडला, आणि चौकशीअंती कळले की वस्तीत प्रथम दगावलेल्या माणसाचे कपडे त्याच तळ्यात धुतले होते. कॉखने आणखी एक गोष्ट पाहिली: रोग्याच्या मळाने भिजलेली चादर ओलीच ठेवली तर एका दिवसात जंतू विलक्षण वेगाने वाढतात, आणि पूर्ण वाळू दिली तर ते लवकर मरतात. म्हणजे साध्या पाण्यात चादर बुडवून रात्रभर ठेवणे ही पटकीच्या जंतूंना मेजवानीच म्हणावयाची. आणि ते पाणी विहिरीकाठी वा घाटावर ओतणे हे एका रोग्याचे गावभर वाटप ठरते.

तेव्हापासून बुडविण्याचे पाणी बदलले. साध्या पाण्याच्या जागी विसांत एक भाग कार्बोलिक आम्ल असलेले द्रावण रुग्णालयांत रुजू झाले आणि पुढे ब्लीचिंग पावडरने त्याची जागा पुष्कळ अंशी घेतली. रीत थोडक्यात अशी: कपड्यावरील घट्ट मळ आधी खरवडून शौचकूपात टाकावा, दहा लिटर पाण्यात सुमारे 15 ग्रॅम ताजी पावडर विरघळवून, निवळलेल्या पाण्यात कपडा सर्वस्वी बुडेल असा अर्धा तास ठेवावा, नंतर तो खळबळून उकळावा, मग साबण लावावा. खरवडण्याचे काम टाळल्यास क्लोरीन मळातच खर्ची पडून जंतूंसाठी काही शिल्लक राहत नाही. द्रावणाचा तिखट वास थोड्याच वेळात नाहीसा झाला की हेच झाले असे ओळखावे. उकळण्याआधी भिजविणे आवश्यक असण्याचे आणखी एक कारण आहे, जे प्रत्येक जुनी परिटीण जाणते: मळलेला कपडा सरळ कढत पाण्यात टाकला तर डाग पक्का बसतो, कारण त्यातील प्रथिन उष्णतेने गोठून धाग्याला घट्ट धरते.

हा विधी सुती कपड्यासाठी आहे. रेशीम आणि लोकर ब्लीचिंग पावडरीत कुजल्यासारखी होतात, रंगीत लुगड्याचा रंग उडून जातो, आणि गादी किंवा कापसाची रजई उकळता येत नाही. तेव्हा पटकीच्या रोग्याची गादी कडक उन्हात आतपर्यंत कोरडी होऊ देणे हाच घरगुती उपाय उरतो. हा उपाय सर्व रोगांना लागू नाही, हे येथे सांगितले पाहिजे. देवीच्या खपल्या वाळल्या तरी त्यांतील विष पुष्कळ दिवस जिवंत राही, आणि देवीच्या रोग्यांचे कपडे धुणाऱ्यांना लागण झाल्याच्या नोंदी आहेत. तेथे स्नोची धुळीची भीती अगदी रास्त ठरली असती. उलट, 1897 च्या प्लेगात पुण्यात घरोघरची अंथरुणे सरकारी हुकमाने जाळण्यात आली, पण प्लेगाचा वाहक उंदरावरील पिसू आहे, असे पॉल-लुई सिमाँने पुढच्याच वर्षी कराचीत दाखविले. आग पिसवांनाही जाळते, हे खरे, पण घरातले उंदीर मात्र तसेच राहिले होते.

आमच्याकडे घरचे धुणे परटाकडे जात असे, आणि त्याची भट्टी खारात भिजविलेल्या कपड्यांना रात्रभर वाफ देई. जंतूंचा विचार त्यात कोणी केला नसेल, पण रोगाच्या दृष्टीने ती भट्टी उत्तमच होती. धोका भट्टीत नव्हता, भट्टीपूर्वी होता: घराघरांतून आलेले गाठोडे सोडणे, मोजणे, खुणा घालणे आणि नदीवर पहिले पाणी दाखविणे. ज्या घरात रोगी होता त्या घराचे गाठोडे परटाला देण्याआधी भिजवून द्यावे, हे सांगणारा माणूस गावात क्वचितच असे. आणि ब्लीचिंग पावडर गावात आली तरी ती उघड्या डब्यात पडून राहिल्यास ओल धरून काही आठवड्यांत निकामी होते, म्हणून वास नसलेली, गोळे झालेली पावडर दुकानदाराने स्वस्तात देऊ केली तरी ती घेऊ नये.