कॉनलीला मारहाण दिसली नव्हती का?

२५ जानेवारी १९९५ची रात्र. बोस्टनमध्ये गोळीबार करून पळालेल्या संशयितांच्या मागे पोलिसांच्या गाड्या लागल्या होत्या. रस्ता संपला तशी संशयितांची गाडी थांबली आणि त्यातला एक जण कुंपणाकडे पळाला. त्याच्या मागे साध्या कपड्यातले पोलीस मायकेल कॉक्स होते. कॉक्स कृष्णवर्णीय. मागून आलेल्या पोलिसांनी त्यांनाच संशयित समजून बेदम मारलं. आपलाच माणूस आहे हे कळल्यावर तिथे कोणी थांबलंसुद्धा नाही.

त्याच सुमारास केनी कॉनली हा दुसरा पोलीस तिथूनच कुंपण ओलांडून गेला आणि पुढे त्यानेच संशयिताला पकडलं. साक्षीत तो म्हणाला, मला मारहाण दिसली नाही. आता सांगा, यावर कोण विश्वास ठेवणार? ज्यूरीनेही ठेवला नाही. १९९८मध्ये खोटी साक्ष आणि न्यायात अडथळा आणल्याबद्दल तो दोषी ठरला, ३४ महिन्यांची शिक्षा झाली.

गंमत म्हणजे, प्रयोगशाळेत हा प्रश्न जुनाच होता. उल्रिक नायसर यांनी १९७०च्या दशकात चेंडूचे पास मोजणाऱ्यांसमोरून छत्री घेतलेली बाई चालवली होती. बहुतेकांना ती दिसलीच नाही. १९९९मध्ये सायमन्स आणि शाब्री यांनी त्याच धर्तीवर गोरिलाच्या वेशातला माणूस आणला. तो जवळजवळ निम्म्यांना दिसला नाही. पण हे सगळं पडद्यावर, बसून पाहिलेलं. खऱ्या रस्त्यावर, पळताना काय होतं?

म्हणून या दोघांनी सहकाऱ्यांसह कॉनलीचाच प्रसंग उभा केला. २०११मध्ये तो प्रसिद्ध झाला. एकेका व्यक्तीला सांगितलं, पुढच्या माणसामागे नऊएक मीटर अंतर ठेवून पळा आणि तो डोक्याला किती वेळा हात लावतो ते मोजा. वाटेच्या कडेला तिघांची खोटी मारामारी, ओरडणं, कण्हणं सुरू होतं. रात्री २० जणांपैकी फक्त ७ जणांच्या ती लक्षात आली. दिवसाउजेडी पाहणारे निम्म्याहून थोडे जास्त निघाले. म्हणजे अंधार हे एकमेव कारण नव्हतं.

मग मोजणीच बदलली. काहीच मोजायचं नव्हतं तेव्हा ७२ टक्क्यांना मारामारी दिसली. दोन्ही हातांची वेगवेगळी मोजणी ठेवायला लावली, तर फक्त ४२ टक्क्यांना. रस्ता तोच, उजेड तोच. डोक्यावरचं काम वाढलं तेवढं दिसणं कमी झालं.

इथे जरा सावध राहू या. कॉनली खरं बोलत होता हे या प्रयोगाने सिद्ध होत नाही. तो खरं बोलत असू शकतो, इतकंच. ज्यूरीपुढे हा प्रयोग नव्हताच. आणि २००५मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली नाही, तेही लक्ष-बिक्षामुळे नव्हे, तर सरकारी पक्षाने बचावाला उपयोगी माहिती दिली नव्हती म्हणून. कॉनली पोलिसात परतला. कॉक्स २०२२मध्ये बोस्टनचे पोलीस आयुक्त झाले. त्या मारहाणीसाठी मात्र कोणावरही फौजदारी खटला चालला नाही.